गाडी सुरू करण्याआधीचे पाच सेकंद : डॅशबोर्डकडे बघायचं कसं आणि त्याची सवय कशी लावायची

मी गाड्यांमधल्या कंट्रोल युनिटसाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे ओळखीच्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी मला रविवारच्या बॅचसमोर बोलायला बोलावलं. बॅचमध्ये बारा-पंधरा जण होते. बहुतेकांचं लर्निंग लायसन्स नुकतंच आलं होतं. सरांनी विषय एका वाक्यात सांगितला : "ही मुलं सीटवर बसली की आरशात बघतात, पण डॅशबोर्डकडे बघतच नाहीत. चावी फिरवतात आणि निघतात."

त्या दिवशी जे बोललो ते आणि मुलांनी विचारलेले प्रश्न इथे सविस्तर लिहितोय. डॅशबोर्डवरच्या सगळ्या चिन्हांची यादी या लेखात नाही. ती तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते आणि मॉडेलनुसार थोडी बदलते. इथे आपण फक्त एक गोष्ट नीट समजून घेऊ : चावी ऑन केल्यापासून गाडी हलेपर्यंत दिवे काय करतात आणि त्यावरून काय कळतं.

चावी ऑन केल्यावर सगळे दिवे का लागतात?

क्लासमध्ये मी पहिला प्रश्न हाच विचारला. एक जण म्हणाला, "सर, ते स्टार्टिंगचं ॲनिमेशन असतं ना, मोबाईलवर लोगो येतो तसं." उत्तर चुकीचं आहे, पण तसं वाटणं स्वाभाविक आहे. आपल्याला स्क्रीनची सवय आहे आणि काटा गर्रकन फिरून परत येतो तेव्हा ते शोभेसाठीच आहे असं वाटतं.

खरं तर ती दिव्यांची हजेरी असते. धोक्याचा दिवा वर्षभर बंदच असतो. आता तो दिवाच खराब झाला असेल तर? बिघाड झाला तरी तो लागणार नाही आणि आपण "दिवा नाही म्हणजे गाडी ठीक" असं समजून चालवत राहू. म्हणून चावी ऑन केली की गाडी प्रत्येक महत्त्वाचा दिवा मुद्दाम एकदा लावून दाखवते. 'मी जिवंत आहे, गरज पडली तर लागेन' एवढंच तो दिवा त्या क्षणी सांगत असतो. त्याच वेळी एअरबॅग, एबीएस यांची कंट्रोल युनिट स्वतःची तपासणी करतात. सगळं ठीक असेल तर ती आपापला दिवा विझवतात.

म्हणजे त्या पाच सेकंदांत बघायच्या गोष्टी दोन आहेत. एक, जो दिवा लागायला हवा तो लागला का? दोन, जो विझायला हवा तो विझला का? बहुतेक लोक फक्त दुसरी गोष्ट बघतात. पहिली निसटते, कारण लागलेला दिवा डोळ्यात भरतो, पण न लागलेला दिवा शोधावा लागतो.

अडचण अशी की आपण चावी एका झटक्यात स्टार्टपर्यंत नेतो. सेल्फ लागला, इंजिन सुरू झालं, दिवे लागले आणि गेले, आणि आपलं लक्ष तोवर आरशात किंवा मोबाईलवर. म्हणून चावी ऑनवर थांबवायची. डिझेल गाडी चालवणाऱ्या जुन्या लोकांना हे नवीन नाही. थंडीत स्प्रिंगसारख्या चिन्हाचा पिवळा दिवा विझेपर्यंत ते थांबायचेच, कारण तोवर ग्लो प्लग तापत असतो. पेट्रोल गाडीत असं थांबायचं कारण नसल्यामुळे ही सवय लागली नाही.

एका मुलीने विचारलं, "आमच्याकडे पुश बटण आहे. मग?" बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबलं तर इंजिन सुरू होत नाही. पहिल्यांदा दाबल्यावर फक्त म्युझिक सिस्टीम वगैरे चालू होते आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर चावी ऑन केल्यासारखे सगळे दिवे लागतात. ते बघायचे, मग पेडल दाबून पुन्हा बटण दाबायचं. तुमच्या गाडीचा नेमका क्रम मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

दिवे कोणत्या क्रमाने विझतात?

यात तीन टप्पे असतात. क्लासमध्ये आम्ही सगळे स्कूलच्या गाडीभोवती उभे राहिलो आणि एकेकाला आत बसवून हे करून बघितलं.

पहिला टप्पा, चावी ऑन, इंजिन बंद. काही सेकंदांत एअरबॅग आणि `ABS` हे दिवे आपोआप विझतात. एअरबॅगचा दिवा म्हणजे बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल फुगा. तो लाल किंवा पिवळा असतो. या दोघांना इंजिन सुरू होण्याची गरज नसते. स्वतःची तपासणी झाली की ते जातात. पण काही दिवे अजून लागलेलेच असतात आणि ते बरोबर आहे : तेलाच्या कॅनचं चिन्ह म्हणजे ऑइल प्रेशर, बॅटरीचं चिन्ह म्हणजे चार्जिंग आणि इंजिनच्या आकाराचा पिवळा चेक इंजिन दिवा. इंजिन फिरत नाही, म्हणून ऑइलला दाब नाही. अल्टरनेटर फिरत नाही, म्हणून चार्जिंग नाही. दिवे खरंच सांगतायत.

दुसरा टप्पा, सेल्फ मारून इंजिन सुरू. आता ऑइल, बॅटरी आणि चेक इंजिन हे तिन्ही एक-दोन सेकंदांत विझायला हवेत. पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याचा दिवाही इंजिन सुरू झाल्यावरच जातो.

तिसरा टप्पा, बेल्ट लावला, दारं बंद, हँडब्रेक खाली. बेल्टचा दिवा जातो, दाराचा जातो आणि गोलातल्या उद्गारचिन्हाचा लाल ब्रेक दिवा जातो. आता डॅशबोर्डवर एकही लाल आणि एकही पिवळा दिवा नसला पाहिजे. हिरवा किंवा निळा असला तर तो फक्त काय चालू आहे ते सांगतो. हिरवा म्हणजे इंडिकेटर किंवा हेडलाईट. निळा म्हणजे अप्पर. काही छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो. तिथे इंजिन थंड असताना थर्मामीटरचा निळा दिवा असतो आणि इंजिन गरम झालं की तो जातो.

रंगांचा अर्थ एवढा लक्षात ठेवला तरी पुरे : लाल म्हणजे निघू नका, किंवा चालू गाडीत सुरक्षित जागी थांबा. पिवळा म्हणजे गाडी चालेल, पण लवकर गॅरेजला दाखवा. पिवळ्याला एक अपवाद आहे. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता चालू गाडीत लुकलुकत असेल तर इंजिनच्या एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये आणि ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवून खराब करतंय. तेव्हा वेग कमी करून बाजूला घ्यायचं.

एका लाल दिव्याचे दोन अर्थ

क्लासमधल्या सगळ्यात जास्त शंका लाल ब्रेक दिव्यावर होत्या. "सर, तो हँडब्रेकचा दिवा ना?" हो, पण फक्त हँडब्रेकचा नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची छोटी पांढरट डबी असते. तिच्यात एक तरंगता फ्लोट असतो. पातळी खाली गेली की तो दिवा लावतो.

त्यामुळे हँडब्रेक खाली केल्याच्या क्षणी त्या दिव्याकडे बघणं महत्त्वाचं. वर असताना दिवा लागलेला असणारच, त्यातून काही कळत नाही. खाली केल्यावर गेला तर दोन्ही अर्थ निकालात निघाले. खाली करूनही राहिला तर पहिल्यांदा लिव्हर पूर्ण खाली गेला आहे ना ते बघा. गेला असेल तर गोष्ट ब्रेक ऑइलची आहे.

आता एक प्रसंग समजून घेऊ. पाचगणीहून वाईला पसरणी घाटाने उतरताय. सकाळी निघताना दिवा व्यवस्थित विझला होता. उतारावर, ब्रेक दाबला की किंवा वळणावर, तो लाल दिवा क्षणभर लागतो आणि जातो. सपाटीला आल्यावर काहीच नाही. सोबतचा मित्र म्हणतो, "वायर लूज असेल." असू शकते. पण जास्त शक्यता वेगळी आहे. डबीतलं ऑइल किमान खुणेच्या जवळ आलंय. सपाट रस्त्यावर फ्लोट जेमतेम वर असतो. उतारावर आणि ब्रेक मारताना ऑइल पुढच्या बाजूला सरकतं, वळणावर एका कडेला जातं आणि फ्लोट क्षणभर खाली बसतो. म्हणजे लुकलुकणारा हा दिवा खोटा नाही. तो उद्या कायमचा लागणार आहे, हे आज सांगतोय.

ऑइल कमी का झालं? कारणं दोन. पहिलं साधं : ब्रेक पॅड झिजले. पॅड पातळ झाला की त्याला ढकलणारा पिस्टन जास्त बाहेर येतो आणि त्याच्या मागची रिकामी जागा भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. ऑइल कुठेही सांडलेलं नसतं. दुसरं कारण गळती, आणि ते गंभीर. दोन्हींत फरक ओळखायचा तर पेडल बघा. पॅड झिजलेले असतील तर पेडल सहसा पूर्वीसारखंच कडक लागतं आणि पातळी महिनोन्‌महिने हळूहळू उतरलेली असते. गळती असेल तर पेडल नरम लागतं, नेहमीपेक्षा खाली जातं आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीखाली ओल दिसू शकते. पेडल नरम असेल तर घाटात पुढे जायचं नाही. खालच्या गिअरमध्ये वेग कमी करत सुरक्षित जागी थांबायचं आणि गाडी उचलून न्यायची व्यवस्था करायची.

इथे एक नेहमीचा घोळ होतो. दिवा लागला, दुकानातून ब्रेक ऑइलची बाटली आणली, डबी वरपर्यंत भरली, दिवा गेला. काम झालं? नाही. पॅड झिजलेले होते ते तसेच राहिले आणि ते सांगणारा दिवा मात्र आपण गप्प केला. पुढे मेकॅनिक नवीन पॅड बसवतो तेव्हा पिस्टन मागे ढकलले जातात, ऑइल परत वर येतं आणि भरलेली डबी ओसंडते. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून ते बॉडीवर सांडलेलं चालत नाही. तेव्हा आधी पॅड तपासा, मग भरा. भरायचंच असेल तर झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच ऑइल भरा.

आणखी एक जोडी लक्षात ठेवा. लाल ब्रेक दिवा आणि `ABS` दिवा दोन्ही एकत्र लागलेले राहिले तर पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ब्रेकची ताकद वाटणारी यंत्रणाही बंद असू शकते. जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी अडकून गाडी फिरू शकते. एकटा `ABS` दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त चाक न अडकण्याची सोय नसते. दोन्ही असतील तर निघू नका.

न लागलेला दिवा : एका जुन्या गाडीची गोष्ट

बॅचमधल्या एका मुलाचे बाबा सेकंड हँड हॅचबॅक घ्यायच्या विचारात होते. गाडी 2020 ची. त्याने विचारलं, "दादा, आम्हाला गाडीतलं काही कळत नाही. काय बघू?" मी म्हटलं, बाकी काही नाही कळलं तरी चालेल. चावी फक्त ऑन कर, सेल्फ मारू नकोस आणि एअरबॅगचा दिवा शोध.

याचं कारण असं. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली. म्हणजे 2020 च्या कारमध्ये ती असणार आणि तिचा दिवाही असणार. अपघातात एअरबॅग एकदा फुटली की ती बदलावी लागते, सोबत तिचं कंट्रोल युनिट आणि बऱ्याचदा बेल्टही बदलावे लागतात. खर्च मोठा असतो. गाडी विकायचीच असेल तर काही जण फक्त स्टिअरिंगचं कव्हर नवं बसवतात. आत एअरबॅग नाही. पण मग कंट्रोल युनिट दिवा विझू देत नाही. म्हणून दिव्यावरच उपाय केला जातो.

असा उपाय दोन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात दिवा काढून टाकतात किंवा डॅशबोर्ड उघडून मागून झाकतात. मग चावी ऑन केल्यावर तो लागतच नाही. दुसरा प्रकार जास्त हुशारीचा : त्याची वायर ऑइल किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडतात. मग तो लागतो आणि विझतोही, घाईत बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण तो चुकीच्या वेळी विझतो. खरा एअरबॅगचा दिवा इंजिन बंद असतानाच काही सेकंदांत जातो. जोडलेला दिवा ऑइलच्या दिव्याबरोबर, इंजिन सुरू झाल्यावरच जातो. म्हणून चावी ऑनवर ठेवून मनात दहापर्यंत मोजायचं आणि सेल्फ मारायचा नाही.

दोन दिवसांनी त्या मुलाने मला छोटा व्हिडिओ पाठवला. चावी ऑन. ऑइल लागला, बॅटरी लागला, चेक इंजिन लागला, `ABS` लागला आणि विझला. एअरबॅग कुठेच नाही. बेल्ट लावलेल्या माणसाचं चिन्ह होतं, ते बघून त्याला आधी वाटलं हाच तो. पण तो बेल्टचा दिवा. एअरबॅगच्या चिन्हात समोर गोल फुगा असतो. विकणारा म्हणाला, "या मॉडेलला तो दिवा नसतो." मुलाने त्याच मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या साईटवरून फोनवर उघडलं. त्यात दिवा होता.

यावरून लगेच फसवणूक झाली असं म्हणता येत नाही, हेही मी त्याला सांगितलं. दिवा खरंच जळलेला असू शकतो. डॅशबोर्डचा मीटर आधी कोणी बदललेला असू शकतो. खात्री करायचा रस्ता म्हणजे गॅरेजमध्ये स्कॅनर लावणं. बाबांनी गाडी त्यांच्या ओळखीच्या गॅरेजला नेऊन स्कॅनर लावून घेतला. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये ड्रायव्हरच्या एअरबॅगचं सर्किट तुटलेलं असल्याचा कोड साठवलेला होता. म्हणजे युनिट बिघाड ओरडून सांगत होतं, फक्त त्याचा आवाज बंद केलेला होता. त्यांनी ती गाडी घेतली नाही.

रोज दिसणारा पिवळा दिवा

एका मुलाने हात वर केला. "आमच्या गाडीचा चेक इंजिन दिवा सहा महिने चालू आहे. गाडी मस्त चालते. मग काय बिघडतं?"

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो. चेक इंजिनच्या दिव्यामागचं लॉजिक सोपं करून लिहिलं तर असं दिसतं :

```
check_engine = fault_1 or fault_2 or fault_3
```

खऱ्या गाडीत इथे शेकडो बिघाडांची यादी असते, पण दिवा एकच. त्यातला एक बिघाड जरी खरा असला तरी दिवा लागतो. आता पहिला बिघाड समजा एखाद्या सेन्सरचा, किरकोळ आहे. त्यामुळे दिवा आधीच लागलेला आहे. सहाव्या महिन्यात दुसरा, गंभीर बिघाड आला. डॅशबोर्डवर काय बदललं? काहीच नाही. किरकोळ बिघाडाचा सगळ्यात मोठा तोटा हाच : तो पुढच्या प्रत्येक बिघाडाला लपवतो. आणि आपल्या डोळ्यांनाही लागलेला दिवा बघायची सवय होते, मग शेजारी लाल दिवा लागला तरी उशिरा दिसतो.

याची उलट बाजूही आहे. दिवा आपोआप विझला म्हणजे बिघाड कधी नव्हताच, असं नाही. बरेच बिघाड सलग दोन फेऱ्यांमध्ये दिसले तरच दिवा लागतो आणि नंतर काही फेऱ्या तो बिघाड दिसला नाही तर दिवा जातो. पण कोड काही काळ आत साठलेला राहतो. म्हणून दिवा कधी लागला आणि कधी गेला याची नोंद मेकॅनिकला उपयोगी पडते.

सवय कशी लावायची?

"लक्षात ठेवा" म्हणून सवय लागत नाही. क्लासमध्ये आम्ही तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, हजेरीचा व्हिडिओ. गाडी सर्व्हिसिंग होऊन आली आणि सगळं ठीक आहे, अशा दिवशी गाडी उभी असताना फोनने पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या : चावी ऑन, दहापर्यंत मोजणं, सेल्फ, बेल्ट, हँडब्रेक खाली. ब्रेकवर पाय ठेवा आणि गिअर न्यूट्रलला असू द्या. हा तुमच्या गाडीचा नमुना. कोणते दिवे लागतात आणि कोणता केव्हा जातो, दोन्ही त्यात येतं. हा व्हिडिओ फेवरेट्समध्ये ठेवा. पुढे शंका आली की आजचं दृश्य त्याच्याशी ताडून बघा. मित्राच्या गाडीचा व्हिडिओ चालणार नाही, कारण वेळा आणि दिवे मॉडेलप्रमाणे बदलतात. आणि हे काम एकदाच, गाडी उभी असताना. रोज फोन हातात घ्यायचा नाही.

दुसरी, नवीन सवय जुन्या कृतीला बांधायची. चावी तुम्ही रोज फिरवताच, बेल्ट रोज लावताच. म्हणून क्रम असा ठेवा : चावी ऑन, मग बेल्ट, मग सेल्फ. बेल्ट ओढून लावायला चार-पाच सेकंद जातात आणि तेवढ्यात पहिला टप्पा आपोआप पार पडतो. वेगळा वेळ द्यावा लागत नाही, घाईच्या सकाळीही ते टिकतं. फक्त बेल्ट लावण्याआधी एक नजर, कोण लागलंय. लावल्यावर दुसरी नजर, कोण गेलंय.

तिसरी, तोंडाने म्हणायचं. रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल दिसला की त्याचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगतात. जपानच्या रेल्वेत तर कर्मचारी बोट दाखवून म्हणतात. कारण साधं आहे : नुसते डोळे सवयीने वस्तूवरून घसरतात, पण बोलायचं असेल तर खरंच बघावं लागतं. आम्ही तीन शब्द ठरवले. चावी ऑनवर "लागले". सेल्फनंतर "ऑइल गेला". हँडब्रेकनंतर "लाल नाही". पहिल्या दिवशी सगळे हसले. चौथ्या मुलापर्यंत कोणी हसत नव्हतं, कारण तिसऱ्याने "लाल नाही" म्हटलं तेव्हा मागचं दार नीट लागलेलं नव्हतं आणि दाराचा लाल दिवा सगळ्यांना दिसत होता.

डॅशबोर्ड काय सांगत नाही

ऑइलचा दिवा ऑइलचा दाब सांगतो, पातळी नाही. दाब फारच खाली गेला तरच तो लागतो. म्हणजे ऑइल एक लिटर कमी असूनही तो बंद असू शकतो. त्यासाठी महिन्यातून एकदा बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बघावी लागते. पण तो चालू गाडीत लागला तर वाट बघायची नाही. इंजिनच्या आतले भाग ऑइलच्या पातळ थरावर फिरतात. दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन निकामी होऊ शकतं. सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. थोड्या वेळाने पट्टी बघा. ऑइल पुरेसं दिसलं तरी पंप गेलेला असू शकतो, म्हणून परत सुरू करून "बघू जाते का घरापर्यंत" असं करू नका.

बॅटरीचा दिवाही बॅटरीची तब्येत सांगत नाही, चार्जिंग होतंय का ते सांगतो. दिवा विझलेला असूनही जुनी बॅटरी सकाळी दगा देऊ शकते. टायरमधली हवा तर हवेचा सेन्सर असलेल्या गाडीतच कळते, बाकी सगळ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारायची.

बाईकवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. एबीएस असलेल्या बहुतेक बाईकवर `ABS` दिवा इंजिन सुरू झाल्यावरही लागलेला राहतो आणि बाईक थोडी पुढे गेल्यावरच विझतो, कारण चाक फिरल्याशिवाय चाकाच्या सेन्सरची तपासणी होत नाही. त्यामुळे उभ्या बाईकवर तो दिसला तर घाबरू नका. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊनही तो राहिला तर मात्र गॅरेजला दाखवा.

थोडक्यात क्रम

1. हँडब्रेक वर, गिअर न्यूट्रल. चावी ऑन, सेल्फ नाही. नजर टाका : एअरबॅग, `ABS`, ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, ब्रेक लागले का?
2. बेल्ट लावा. नजर टाका : एअरबॅग आणि `ABS` विझले का?
3. सेल्फ. ऑइल, बॅटरी, चेक इंजिन विझले का?
4. हँडब्रेक खाली. लाल ब्रेक दिवा गेला का?
5. एकही लाल दिवा उरला तर निघू नका. पिवळा उरला तर तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात गॅरेजला दाखवा.